पानशेत: पाच मिनिटांत, पंधरा मिनिटांत आणि पाऊण तासात

पाऊण तासाचं भाषण आधी लिहायचं आणि मग कापत कापत पाच मिनिटांवर आणायचं, असा बहुतेकांचा क्रम असतो. मी आग्रहानं उलटा क्रम सांगतो. उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ: १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस.

मराठीत समोरच्याला पेलेल अशा गतीनं बोललं, तर मिनिटाला साधारण शंभर-एकशेवीस शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांत जेमतेम पाचशे. त्यात एकच विधान मावतं. माझं विधान असं: धरणाचं काम अपुरं असताना त्यात पावसाळ्याचं पाणी साठलं, आणि म्हणून ते फुटलं. हे वाक्य पहिल्याच मिनिटात यायला हवं. उरलेल्या वेळात पाण्याची वाट दाखवायची, पानशेतहून खडकवासला, तिथून शहर. चौकशी आयोग, पूरग्रस्तांच्या वसाहती यांतलं काहीही इथे घ्यायचं नाही. मोह होतो, तरी नाही.

पंधरा मिनिटं मिळाली की माहिती तिप्पट करू नका. पाच मिनिटांत ‘काय झालं’ सांगितलं, आता ‘कसं झालं’ सांगा. धरण मातीचं होतं. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचं काम अर्धवट होतं. तिच्यावरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचली, तरी शेवटी पाणी माथ्यावरून गेलं. ही साखळी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहायला धरणाचा आडवा छेद लागतो. तो फळ्यावर बोलता बोलता काढा. तयार चित्र दाखवलं, तर लोक सगळे भाग एकदम वाचू लागतात आणि क्रम हरवतो. पूर पाहिलेल्यांची आठवण एकच घ्या. दुसरी घेतलीत की भरावाला वेळ उरत नाही.

पाऊण तासात बोलायची मिनिटं पस्तीसच धरा, उरलेली दहा मिनिटं प्रश्नांसाठी. पण पस्तीस मिनिटं एकाच साखळीवर लोक बसत नाहीत. मध्यावर नवा प्रश्न टाकावा लागतो: मग खडकवासल्याचं जुनं दगडी धरण का टिकलं नाही? इथे सभागृह पुन्हा सावरून बसतं. त्यानंतर पुनर्वसनाचा भाग येतो, गोखलेनगर, लोकमान्यनगर वगैरे. तो सात-आठ मिनिटांचा ठेवा आणि असा लिहा की सबंध गाळला तरी आधीचं वाक्य नंतरच्या वाक्याला जोडलं जावं.

तालमीत विषय न जाणणाऱ्या कुणाला तरी समोर बसवा आणि शेवटी विचारा, धरण का फुटलं? तिन्ही आवृत्त्यांना उत्तर एकच यायला हवं. पाऊण तासाच्या आवृत्तीनंतर ‘पाऊस फार झाला म्हणून’ असं उत्तर आलं, तर पुराच्या वर्णनानं कारण झाकलं गेलंय.

शेवटचं वाक्य तिन्हींत तेच ठेवा आणि ते तोंडपाठ करा. आधीचे वक्ते लांबले आणि ‘दहाच मिनिटं आहेत’ अशी चिठ्ठी आली, तर वेग वाढवू नका. पंधरा मिनिटांची आवृत्ती धरा, आठवण वगळा, छेद तेवढा काढा आणि त्या वाक्यावर थांबा.