कॅलेंडरच्या पाठीवरचा हिशेब

[दृश्य: स्वयंपाकघर, कडक भाकऱ्यांची चवड. भिंतीवरून उतरवलेलं कॅलेंडर उलटं होतं.]

ही आकडेमोड सरांच्या हातची आहे. सर सोलापूर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांची बायको सोलापुरातच एका कंपनीचे हिशेब बघते, पगार 31,000. तिला पुण्याची नोकरी आली. पॅकेज वर्षाला 8 लाख 40 हजार.

[कॅमेरा आकड्यांवर.]

सरांनी बारानं भागून 70,000 लिहिले. ते तिनं खोडले. त्यातले 84,000 वर्षाअखेरीस, तेही काम पाहून मिळणार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही पॅकेजमध्येच धरलेली. हातात येणार साधारण 57,000, म्हणजे 26,000 जास्त. मग खाली वजाबाकी. पुण्यात खोली 10,000, मेस 4,000, येणं-जाणं 2,500, आणि इथं घरी मुलीला सांभाळायला बाई, 4,500. उरले 5,000.

[सासूबाई दाण्याची चटणी कुटताहेत.]

"पाच हजारासाठी घर सोडायचं? असं कुटं असतंय व्हय?"

आता ते पान पुन्हा बघा. मुलगी दोघांची, पण बाईचे 4,500 एकटीच्या पगारातून वजा. सरांच्या पगारातून काहीच वजा नाही. त्यांच्या हे लक्षातही आलं नव्हतं. तिनंच दाखवलं: "अहो, हे निम्मं निम्मं करा की."

[शाळा, परिपाठ, सर फळ्यापाशी.]

मग सरांनीच का जाऊ नये पुण्याला? शिक्षकाची नेमणूक जिल्ह्याची असते. जिल्हा बदलायचा तर आंतरजिल्हा बदली. तिथं जागा रिकामी हवी, तीही आरक्षणाच्या बिंदुनामावलीत बसणारी. आदेश निघाला तरी इथून कार्यमुक्त करायला हवं. इथंच शिक्षक कमी असतील तर आदेश खिशात ठेवून माणूस त्याच शाळेत थांबतो. आणि बदली झालीच, तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता रुजू झाल्या दिवसापासून. सरांची चौदा वर्षं झालीत. मुख्याध्यापकाच्या बढतीच्या यादीत ते वर सरकत आले होते, तिथं शेवटून पहिले होतील. मूळ पगार तेवढा टिकतो.

शेजारपाजारचे 'सरकारी नोकरी सोडवत नाही' म्हणतात, ते बरोबरच. पण सरांना नोकरी सोडायचीच नव्हती, यादीतली जागा सोडायची होती. तिला मात्र पुण्याची नोकरीच सोडायला सांगत होते. हा फरक बैठकीत कुणी बोललं नाही.

[सरांची सही, कॅलेंडरच्या पानावर.]

ठरलं असं की ती आधी जाईल. बदल्यांचं पोर्टल उघडलं की सर अर्ज भरतील. वर्षभरात काही हललं नाही, तर हे पान परत काढायचं.

मुलगी आजीजवळ झोपते, सोमवारी आई निघाली की जेवत नाही.

[सोलापूर स्थानक, सोमवार सकाळ. पुण्याला निघालेली हुतात्मा एक्सप्रेस. खिडकीत ती, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. निवेदन नाही, फक्त गाडीचा आवाज.]