खुर्च्या चारच: पीसीवर एका पडद्यावर चौघांनी खेळताना कंट्रोलर वाटून घेण्याची पद्धत

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एका पडद्याचे दोन किंवा चार तुकडे करून शेजारी शेजारी बसून खेळायचं, तर पीसीवर खरी अडचण खेळात क्वचितच असते. ती असते कंट्रोलर वाटून देण्यात. चार कंट्रोलर जोडलेत, चारही दिवे लागलेत, आणि तरी चौथ्या माणसाचं पात्र पडद्यावर येत नाही. किंवा एकाने बटण दाबलं की दोन पात्रं एकदम उड्या मारतात. आज फक्त एवढाच विषय घेऊ: कोणता कंट्रोलर कोणत्या खेळाडूला मिळतो, हे कोण ठरवतं आणि आपल्याला ते कसं बदलता येतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. खेळाला तुमच्या हातातला कंट्रोलर दिसत नाही, खुर्ची दिसते. विंडोजवरचे बहुतेक खेळ कंट्रोलरशी एक्सइनपुट नावाच्या व्यवस्थेतून बोलतात आणि तिच्यात खुर्च्या चारच आहेत. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे शून्य, एक, दोन, तीन. कंट्रोलर जोडला की त्याला मोकळ्या खुर्च्यांपैकी सहसा सगळ्यात खालच्या क्रमांकाची मिळते. तो बंद पडला की खुर्ची रिकामी होते, आणि त्यानंतर जो कुणी जोडला जाईल तो तिथे जाऊन बसतो. कोणता कंट्रोलर कुणाचा होता, याची नोंद कुठेही राहत नाही.

आपल्या तक्रारींपैकी निम्म्या याच नियमातून निघतात. समजा मध्यंतरात सगळ्यांनी कंट्रोलर खाली ठेवले आणि वायरलेस असलेले दोन आपोआप बंद झाले. बॅटरी वाचवण्यासाठी ते काही वेळाने स्वतःहून बंद होतातच. परत येऊन ज्याने आधी बटण दाबलं तो खालच्या क्रमांकाच्या खुर्चीत बसला, आणि दोघांची पात्रं अदलाबदल झाली. कंट्रोलर बिघडलेला नसतो, फक्त जोडण्याचा क्रम बदललेला असतो. दोन्ही बंद करा आणि हव्या त्या क्रमाने पुन्हा सुरू करा, गाडी रुळावर येते.

आता खेळांकडे येऊ. खेळाडू ठरवण्याच्या त्यांच्या दोन तऱ्हा आहेत, आणि आपला खेळ कोणत्या तऱ्हेचा आहे हे पहिल्या दोन मिनिटांत पाहून घ्यावं. पहिल्या तऱ्हेत लॉबीच्या पडद्यावर ‘बटण दाबा आणि सामील व्हा’ असं लिहिलेलं असतं. जो आधी दाबेल तो पहिला खेळाडू. इथे खुर्चीचा क्रमांक गौण आहे, फक्त ज्या क्रमाने बसायचं त्या क्रमाने बटण दाबा. दुसऱ्या तऱ्हेत खेळ काहीच विचारत नाही: शून्य क्रमांकाची खुर्ची म्हणजे पहिला खेळाडू, पुढची दुसरा. इथे जोडण्याचा क्रम हेच सगळं.

दुसऱ्या तऱ्हेत एक खोच आहे, आणि दोघेच खेळणाऱ्यांना ती हमखास छळते. एकाला कीबोर्ड आणि माऊस हवा, दुसऱ्याकडे एकच कंट्रोलर आहे. असे बरेच खेळ कीबोर्ड आणि शून्य क्रमांकाची खुर्ची हे दोन्ही पहिल्याच खेळाडूला देऊन टाकतात. मग दोघं मिळून एकच पात्र हलवतात आणि दुसरा खेळाडू येतच नाही. आधी खेळाच्या सेटिंगमध्ये पहिला खेळाडू फक्त कीबोर्डवर ठेवण्याची सोय आहे का, ते बघा. नसेल तर आणखी एखादा कंट्रोलर आधी जोडून बाजूला ठेवून द्या. तो शून्य क्रमांकाची खुर्ची अडवतो, आणि हातातला कंट्रोलर पुढच्या खुर्चीत म्हणजे दुसऱ्या खेळाडूकडे जातो. बाजूला ठेवलेल्याला कुणाचा हात लागू देऊ नका, नाहीतर पहिल्याचं पात्र आपोआप चालायला लागेल.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. चार खेळाडू आहेत. दोघांकडे एक्सबॉक्सचे कंट्रोलर, तिसऱ्याकडे प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक ४, चौथ्याकडे जुना वायरचा गेमपॅड, ज्याच्या मागे एक्स आणि डी असं सरकवायचं बटण आहे. पीसीवर पूर्वीपासून DS4Windows नावाचं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे, आणि खेळ स्टीमवरचा आहे. सगळं जोडलं, खेळ सुरू केला. एक्सबॉक्सवाले दोघे आले. ड्युअलशॉकवाल्याने बटण दाबलं तर तिसरं आणि चौथं अशी दोन्ही पात्रं आली. जुन्या गेमपॅडवाल्याचं काहीच नाही.

खेळ बंद करा, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि येणाऱ्या चौकटीत हे लिहा:

```
joy.cpl
```

जोडलेल्या कंट्रोलरची यादी येते. हिच्यातला क्रम म्हणजे खुर्चीचा क्रम नव्हे, हा गैरसमज आधीच दूर ठेवा. यादी वाचायची ती मोजण्यासाठी. आपल्या हातात चार वस्तू आहेत आणि यादीत पाच नावं आहेत, तर एक नाव भुताचं आहे. ड्युअलशॉक ४ इथे Wireless Controller या नावाने दिसतो, आणि त्याच्या जोडीला एक्सबॉक्स ३६० चं नाव असलेला एक जास्तीचा कंट्रोलर दिसतो, जो आपल्या कुणाकडेच नाही. हे भूत DS4Windows ने तयार केलं आहे.

कारण सरळ आहे. ड्युअलशॉकला एक्सइनपुटची भाषा येत नाही, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. DS4Windows हे काम करतं: त्याचं बोलणं ऐकतं आणि खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करून त्यातून खेळाला सांगतं. पण स्टीमसुद्धा स्वतःच्या स्टीम इनपुटमधून हेच काम करतं. दोघंही चालू असले की एका माणसाचे दोन दुभाषी होतात, आणि दोघं दोन खुर्च्या अडवतात. चौघांपैकी चौथी खुर्ची अशी गेली. जुन्या गेमपॅडवाल्याला जागाच उरली नाही.

नियम एकच: एका कंट्रोलरला एकच दुभाष्या. खेळ स्टीमवरचा आहे, तर DS4Windows पूर्ण बंद करा. खिडकी मिटवून भागत नाही. घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवं क्लिक करून तिथूनही बाहेर पडा. मग स्टीमच्या सेटिंगमध्ये Controller या भागात प्लेस्टेशनच्या कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू करा. त्यानंतर खेळाच्या नावावर उजवं क्लिक, Properties, Controller, आणि तिथे त्या खेळापुरतं Enable Steam Input निवडा. याच ठिकाणी Disable Steam Input असाही पर्याय आहे. काही खेळ ड्युअलशॉक स्वतःच ओळखतात, आणि तिथे दुभाष्याची गरज नसते. तेव्हा एका दाबण्याचे दोन परिणाम दिसले तर हा पर्याय करून बघा.

आता चौथा. जुना गेमपॅड joy.cpl मध्ये दिसतो, नावावर दोनदा क्लिक करून चाचणी घेतली तर सगळी बटणं उजळतात, तरी खेळाला पत्ता नाही. हे लक्षण ओळखीचं ठेवा: विंडोजला दिसतो, खेळाला दिसत नाही, म्हणजे गेमपॅड जुन्या डायरेक्टइनपुटच्या भाषेत बोलतोय आणि खेळ फक्त एक्सइनपुट ऐकतोय. मागचं बटण डी वरून एक्स वर सरकवा, केबल काढून पुन्हा लावा, आणि हा थेट खुर्चीत बसतो. असं बटण नसलेला गेमपॅड असेल तर स्टीमच्या त्याच Controller भागात त्याची बटणं एकेक करून ओळखून द्यावी लागतात. स्टीम पडद्यावर विचारत जातं, तुम्ही दाबत जा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते खेळ सुरू करण्याआधी करा.

आता चारही नावं आणि चारही माणसं जुळली. क्रम अजून मनासारखा नसेल तर कंट्रोलर काढून घालत बसू नका. स्टीमच्या बिग पिक्चर मोडमध्ये खेळ सुरू करून कंट्रोलरवरचं मधलं बटण आणि A एकत्र दाबलं की बाजूने जलद मेनू उघडतो. एकाहून जास्त कंट्रोलर जोडलेले असले तर तिथे Reorder Controllers मिळतं. खेळ स्टीमबाहेरचा असेल तर लायब्ररीत Add a Non-Steam Game ने त्याची फाईल जोडा आणि स्टीममधूनच सुरू करा. बहुतेकांना ही सोय लागू होते. जो खेळ दुसऱ्या दुकानाच्या लाँचरमधून उघडतो, तिथे ती पुष्कळदा पोचत नाही. तेव्हा मात्र जोडण्याच्या क्रमाचाच आधार घ्या.

वायरकडे येतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. चार कंट्रोलर एका साध्या यूएसबी हबवर लावले आणि अधूनमधून एखादा सुटतो, पुन्हा जोडला जातो, आणि खुर्च्या बदलतात. यूएसबी २ चा एक पोर्ट ५०० मिलीअँपिअर वीज देतो, यूएसबी ३ चा ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्याच विजेत चौघांना भागवतो. आत बॅटरी असलेले कंट्रोलर त्याच केबलवरून चार्जही होऊ लागले की वीज कमी पडते. अडॅप्टरवाला हब घ्या, किंवा कंट्रोलर आधी पूर्ण चार्ज करून मग जोडा. एखादा कंट्रोलर चार्ज होतो पण पीसीला दिसतच नसेल, तर केबल फक्त चार्जिंगची आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. केबल बदलून बघा.

ब्लूटूथवर दोन कंट्रोलर सहसा चालतात. त्यापुढे गेलात की बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलायला लागतं, आणि तो उशीर सगळ्यांना सारखा नसतो. एक्सबॉक्सचा स्वतःचा वायरलेस अडॅप्टर आठ कंट्रोलरपर्यंत जोडतो, पण हे आठ जोडले गेले तरी एक्सइनपुटच्या खुर्च्या चारच राहतात, हे विसरू नका. ब्लूटूथचा छोटा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी लावला असेल तर त्या पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिसळतो. डोंगल हातभर एक्स्टेन्शन केबलवर पुढे आणून ठेवा, आणि पीसीच्या पेटीआड लपवू नका.

शेवटी, खेळायला बसण्याआधी करायची चाचणी. सगळे कंट्रोलर बंद करा, स्टीम उघडा, एक एक करून हव्या त्या क्रमाने सुरू करा. खेळाच्या लॉबीत प्रत्येकाने एकेकदाच बटण दाबावं, बाकीच्यांचे हात बाजूला. एका दाबण्याला एक पात्र आलं तर ठीक. दोन आली तर दुभाष्या जास्तीचा आहे. एकही आलं नाही तर आधी joy.cpl उघडून मोजा: नावं जास्त असतील तर भूत खुर्ची अडवून बसलंय, नावं बरोबर असतील तर भाषा जुळत नाही, आणि नावच नसेल तर केबल किंवा पोर्ट बघा.