भुईकाट्याचा आकडा आणि एका दिवसाची स्पाइक

[दृश्य: लासलगावच्या वाटेवर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग]

ट्रॉली भुईकाट्यावर चढते. लाल आकडे हलतात, थांबतात, आणि कारकून ते वहीत उतरवून घेतो. हा आकडा थेट टॅबलेटवरच्या बिलात यावा, हे काम नाशिकमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर टीमकडे आलं.

[दृश्य: स्प्रिंट प्लॅनिंग, टेबलावर पत्ते]

काम किती मोठं, याच्या अंदाजाचे पत्ते उलटले. एकीचा 3, दुसऱ्याचा 20. बोलणं झालं तेव्हा उलगडलं, की काटा नेमकं काय पाठवतो हे कुणीच पाहिलेलं नाही. मधला 8 धरून पुढं जाता आलं असतं, पण तो कशाच्याच आधारावर नव्हता.

मग मूळ स्टोरी, म्हणजे वजन बिलात आणायचं काम, पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक टप्प्याला ढकलली आणि आधी स्पाइक घेतली. हा शब्द एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीतला. स्पाइकमधून ग्राहकाच्या हाती काही पडत नाही, ठरलेल्या वेळात एका प्रश्नाचं उत्तर तेवढं शोधायचं. कार्डावर लिहिलं: ‘या काट्याचं स्थिर वजन टॅबलेटवर वाचता येतं का?’ दोन जण, एक दिवस.

[दृश्य: काट्याची केबिन, इंडिकेटरच्या मागची केबल]

सिरियल पोर्टला केबल जोडली, डेटाचा वेग सेकंदाला 9600 बिट ठेवला. पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. असा कचरा दिसला की पहिला संशय वेगावर घ्यायचा, कारण दोन्हीकडचा वेग जुळला नाही तर अक्षरं फुटतात. 2400 केल्यावर ओळी उमटल्या:

```
US,GS,+0005380kg
ST,GS,+0005420kg
```

ट्रॉली हलतेय तोवर US, स्थिरावली की ST. पहिल्या ओळीतलं वजन उचललं असतं, तर शेतकऱ्याच्या बिलातून 40 किलो कांदा गेला असता. हे ऑफिसात बसून कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

संध्याकाळी ते थांबले. दुसऱ्या कंपनीचा काटा बघायचा राहिला होता, तरी थांबले. मुदत एकदा सैल झाली की स्पाइकच्या नावाखाली पूर्ण स्टोरीच बांधली जाते, आणि तिची ना चाचणी होते ना तपासणी. म्हणूनच दिवसभरातला कोड त्यांनी टाकून दिला. मला हा सगळ्यात अवघड भाग वाटतो, कारण चालणारा कोड पुसायला हात धजत नाही. मागे उरली अर्ध्या पानाची नोंद: वाचता येतं, फक्त ST घ्या, वेग निवडायची सोय ठेवा.

[दृश्य: पुढचं प्लॅनिंग]

या वेळी बहुतेक पत्त्यांवर 5 होता. बिलाच्या छपाईलाही स्पाइक घ्यावी, असं एकानं सुचवलं. ते काम मोठं होतं, पण टीमनं आधी केलेलं होतं. त्यात शोधण्यासारखा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याचे सरळ तुकडे पाडले.

दुसऱ्या काट्यासाठी मात्र नवं कार्ड लागलं. एक प्रश्न, मुदत अर्धा दिवस.