गायब मेसेज नेमका कुठून गायब होतो?

मघाशी पुढच्या रांगेतून प्रश्न आला, ‘व्हॉट्सॲप ग्रुपला मेसेज २४ तासांनी गायब करणारा टायमर लावला की झालं ना?’ आपण एकच मेसेज घेऊ आणि त्याचा माग काढू.

व्हॉट्सॲपवर चौदा चुलत-मावस भावंडांचा ग्रुप आहे. सोमवारी संध्याकाळी ताईने ग्रुपचं नाव दाबून `Disappearing messages` मध्ये २४ तास निवडले, आणि सहाला वडिलांच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो टाकला. इथंच पहिली गफलत झाली. टायमर मागचं काही पुसत नाही. दुपारीच टाकलेला औषधांच्या चिठ्ठीचा फोटो तसाच राहिला, तो हातानेच काढावा लागतो. शिवाय ग्रुपच्या ॲडमिनने अडवलं नसेल, तर कुणीही सदस्य हा टायमर बदलू शकतो.

आता रात्र होते. धाकट्या भावाच्या फोनचा बॅकअप रोज दोन वाजता होतो. त्या वेळी फोटो चॅटमध्ये आहे, म्हणजे तो बॅकअपमध्येही गेला. मंगळवारी सहाला चॅटमधून नाहीसा झाला, बुधवारी रात्री दोनच्या नव्या बॅकअपमध्ये तो नसेल. पण मंगळवारी सकाळी त्याचा फोन पाण्यात पडला तर? पुढचा बॅकअप झालाच नाही, जुनाच राहिला, आणि रिपोर्ट त्यात पडून. नव्या फोनवर तो जुना बॅकअप परत उतरवला की मुदत संपलेला मेसेज ॲप काढून टाकतं, हे खरं. पण तोवर ती फाइल क्लाउड खात्यात असते, आणि बॅकअपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे त्याच्याशिवाय कुणालाही फाइल वाचता येऊ नये असं कुलूप, त्याने स्वतः चालू केलं नसेल, तर तिची राखण त्या खात्याच्या भरवशावर. ताईने आपल्या फोनवर ते चालू केलं असलं तरी ते फक्त तिच्या बॅकअपपुरतं. उरलेल्या तेरा जणांच्या बॅकअपवर तिचा काही अधिकार नाही.

स्क्रीनशॉटचं फार सांगण्यासारखं नाही. साध्या मेसेजचा कुणी काढला तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. एकदाच दिसणारा फोटो पाठवला तर ॲप स्क्रीनशॉट अडवतं, पण शेजारच्या माणसाच्या दुसऱ्या फोनचा कॅमेरा कोण अडवणार?

सहज लक्षात न येणारी जागा म्हणजे उत्तर. फोटोखाली ताईने लिहिलं होतं, ‘साखर वाढली आहे, बाबांना सांगू नका.’ मंगळवारी पाचला एकाने त्यालाच धरून उत्तर दिलं. मूळ मेसेज सहाला नाहीसा झाला, पण उत्तरात वर उमटलेली ती ओळ मागे राहू शकते, त्या उत्तराचा स्वतःचा टायमर संपेपर्यंत, म्हणजे बुधवारी पाचपर्यंत. आणि टायमर नसलेल्या ग्रुपमध्ये कुणी मेसेज फॉरवर्ड केला, तर तिथून तो जातच नाही.

ताईचं काम खरं तर सोमवारी रात्री नऊलाच झालं होतं, सगळ्यांनी रिपोर्ट पाहिला होता. तेव्हाच तिने `Delete for everyone` केलं असतं आणि धाकट्याचा फोन नेटवर असता, तर दोनच्या बॅकअपला फोटो सापडलाच नसता. ज्यांनी तोवर गॅलरीत उतरवून घेतला, त्यांच्याकडे मात्र राहिलाच असता.