खंड्याला बारा महिने खाज का सुटत होती

[दृश्य: वेंगुर्ल्याजवळचा किनारा, सकाळ. वाळूत सुकत घातलेले बांगडे.]

होड्या वर ओढून झाल्यात, जाळी झटकून झालीत, बायकांनी मासे सुकत घातलेत आणि हा खंड्या आला. साडेचार वर्षांचा गावठी कुत्रा, वजन 18 किलो. समोर एवढे बांगडे पडलेत पण त्याचं तिकडे लक्षच नाही, तो वाळूत बसला आणि पुढचा पाय चाटायला लागला, आणि चाटतोच आहे.

पंजा जवळून बघा. खंड्याचे पाय पांढरे आहेत, पण बोटांच्या मधले केस गंज चढल्यासारखे तांबूस झालेत. ही माती नाही, लाळ आहे. लाळेतल्या रंगद्रव्यानं केस असे रंगतात, आणि एवढा रंग चढायला कुत्र्यानं महिनोन् महिने चाटावं लागतं. आता कान. आतून लाल, जाडसर, हात लावला की वास येतो. काखेत आणि जांघेत केस विरळ झालेत. शेपटीखालचा भाग तो जमिनीवर घासत जातो.

घरच्यांनी काही केलं नाही असं अजिबात नाही. पावसात खाज आली तर म्हणाले ओल, उन्हाळ्यात आली तर घाम, आणि थंडीतही थांबली नाही तेव्हा आजी म्हणाली, "दर्याची खारी हवा लागता तेका, म्हणान खाजयता." कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, खोबरेल झालं, दोन वर्षं इंजेक्शनं झाली. इंजेक्शन दिलं की तीन आठवडे बरं, मग परत तेच, वर पाणी पाणी करायचा आणि रात्री पडवीत मुतायचा.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कोकणात बारमाही खाज म्हटलं की लगेच खाणं हे कारण धरता येत नाही, कारण इथे कडाक्याची थंडी पडत नाही, हवा दमट, त्यामुळे पिसवा वर्षभर आणि धुळीतले बारीक किडेही वर्षभर, त्यांचीसुद्धा ॲलर्जी असते, आणि धुळीच्या किड्यांची तर दिसायला अगदी अशीच असते. तेच पाय, तेच कान. नुसतं बघून कोणताही डॉक्टर फरक सांगू शकत नाही. खंड्याच्या बाबतीत खाण्याचा संशय यायला दोन गोष्टी होत्या: खाज पहिल्यापासून कुठल्याच ऋतूत कमी झाली नव्हती, आणि तो दिवसातून चार-पाच वेळा शी करायचा. ही दुसरी गोष्ट घरच्यांनी कधी कुणाला सांगितलीच नव्हती, कारण खाजेच्या तक्रारीत शीचं कोण सांगतं.

[दृश्य: दवाखाना. बारीक दातांची फणी, काचपट्टी, चिकटपट्टी.]

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी आधी बाकीची कारणं बाजूला काढली. फणीनं पिसवा शोधल्या, कातडी खरवडून खरजेचे किडे बघितले, पंजाला चिकटपट्टी लावून ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. तिच्यावर यीस्ट सापडलं, पायांवर पण आणि कानात पण. यीस्टमुळेही खाज येते, म्हणून आधी औषधी शॅम्पू आणि कानाचे थेंब, ते साफ झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाहीतर खाणं बदलल्यावर खाज राहिली की ती कशाची हे कुणाला कळणार?

मग मालकीणबाईंनी विचारलं की रक्त तपासून कळत नाही का कशाची ॲलर्जी ते. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि अशा टेस्ट विकल्याही जातात, रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्यासुद्धा. खाण्याच्या ॲलर्जीसाठी यातल्या कशावरही भरवसा ठेवता येत नाही. ठणठणीत कुत्र्याचा रिपोर्टही दहा पदार्थांवर लाल खुणा घेऊन येऊ शकतो. कुत्र्याला बाधणारं खाणं ओळखायचा खात्रीचा मार्ग एकच आहे, आधी ते खाणं पूर्ण थांबवायचं आणि मग मुद्दाम परत द्यायचं. याला एलिमिनेशन डाएट ट्रायल म्हणतात.

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. कोरड्या खाण्याची तीन पाकिटं, मागची बाजू.]

खंड्यानं आजवर काय काय खाल्लंय त्याची यादी केली. भात, बांगडा, तारली, अंडं, दूध, चपाती, चिकनच्या दुकानातले पाय आणि मुंड्या, आणि ही पाकिटं. तीन वेगळ्या कंपन्यांची आहेत, खाज कमी होईल म्हणून बदलून बदलून आणलेली. पुढून एकावर मासा आहे, एकावर भाजी. आता मागची बारीक अक्षरं वाचा. तिन्हीत चिकन. माशाच्या पाकिटात पण चिकन. म्हणजे घरच्यांना वाटत होतं खाणं बदललं, आणि बदललं होतं फक्त पाकीट.

"जन्मापासून ताच खाता, आता कसा बाधतला?" आजीचा हा प्रश्न रास्त आहे. पण ॲलर्जी बहुतेक वेळा रोजच्याच खाण्याची होते. शरीराला त्या प्रोटीनची आधी ओळख व्हावी लागते, आणि मग एके दिवशी शरीर त्याला शत्रू समजायला लागतं, हे पहिल्या वर्षी होऊ शकतं आणि सातव्या वर्षी पण. म्हणून ट्रायलमधे द्यायचं ते खंड्यानं कधीच न खाल्लेलं हवं. मासे बाद, दर्यावरच्या कुत्र्याला मासा नवीन कुठला. बदक कोंबडीच्या जवळचं, म्हणून बाद. बकऱ्याचं मटण तो खायचा नाही, तरी तेही बाद केलं, कारण गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची प्रोटीन्स एकमेकांशी मिळतीजुळती असतात आणि दूध तो रोज प्यायचा. बाजारात एक खास खाणं मिळतं ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते सहसा ओळखू येत नाहीत, ते चांगलं असतं पण महाग, आणि ते इथे मागवावं लागतं. उरलं डुकराचं मटण आणि रताळं.

[दृश्य: मागची पडवी. वेगळी चूल, वेगळं पातेलं.]

या घरात डुकराचं मटण येत नाही. तरी खंड्यासाठी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली, हे बघा. रोज साधारण पाव किलो बिनचरबीचं मटण आणि अर्धा किलो रताळं, दोन वेळात विभागून. मटण पूर्ण शिजवायचं, डुकराचं कच्चं अजिबात चालत नाही. मीठ, तेल, हळद, कांदा काही नाही. जुन्यातून नव्यावर पाच दिवसांत हळूहळू आणलं आणि दर आठवड्याला दुकानातल्या काट्यावर वजन केलं. मोठ्या कुत्र्याला दोन-अडीच महिने हे चालतं, कायमचं नाही, कारण यात कॅल्शियम आणि बऱ्याच गोष्टी कमी पडतात. पिल्लाला तर असं घरच्या घरी करूच नका, आहाराचा हिशेब डॉक्टरांकडून घ्या.

ही ट्रायल आठ आठवडे करायची. एवढे का? दोन आठवड्यांत फरक दिसला नाही की लोक सोडून देतात, पण कातडी निवायला वेळ लागतो. फूड ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ कुत्र्यांना आठ आठवड्यांच्या आत आराम पडतो, त्याआधी थांबलात तर उत्तर अर्धवट. या काळात दुसरं काहीही पोटात जाता कामा नये, एक बिस्कीटसुद्धा. गोचिडांची चघळायची गोळी पण बंद, तिला मांसाचा स्वाद असतो. त्याऐवजी मानेवर टाकायचं औषध. बाहेर नेताना तोंडाला जाळी, कारण तुम्ही बघितलाच तो किनारा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरातली मुलगी रोज संध्याकाळी खाजेला दहापैकी आकडा द्यायची. सुरुवात 8. पहिले दोन आठवडे खाजेची गोळी चालू होती तेव्हा 4. गोळी बंद केल्यावर 5, आणि खरी परीक्षा तिथून सुरू. चौथ्या आठवड्यात अचानक 7.

[दृश्य: रविवार, पाहुणे, कोंबडी-वडे.]

हा रविवार आम्ही वड्यांसाठी शूट केला होता, बघा कसे टम्म फुगलेत. आता वड्यांकडे बघू नका, फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात विहिरीपाशी बघा. भांडी घासायला ठेवलीत आणि खंड्या कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं चाटतोय. घरात कुणीच पाहिलं नव्हतं. मंगळवारी पाय परत लाल. एवढ्यावरून चिकनच असं म्हणता येत नव्हतं, पण डॉक्टरांनी ट्रायल दोन आठवडे वाढवली.

सहाव्या आठवड्यात 3, दहाव्यात 2. शी दिवसातून दोनदा. इथे बहुतेक जण खूश होऊन थांबतात आणि थांबायचं नसतं, कारण यीस्ट गेलं, पिसवांचं औषध झालं, कदाचित त्यानंच बरं वाटलं असेल. म्हणून जुनं सगळं खाणं परत सुरू केलं. मालकीणबाईंना हे फार जड गेलं, त्यांचा चेहराच बघा. चौथ्या दिवशी आकडा 6. परत डुकराचं मटण आणि रताळं, दहा-बारा दिवसांत परत 2. आता निदान पक्कं झालं.

मग एकेक पदार्थ, प्रत्येकाला दोन आठवडे, कारण खाज काही तासांत येऊ शकते आणि कधी कधी चौदा दिवसही घेते. भात चालला. बांगडा चालला, त्या दिवशी आजी म्हणाली, "माशान तेका काय जावचा नाय, मी सांगलेलंय." अंडं चाललं. चपाती चालली. उकडलेलं चिकन दिलं आणि दुसऱ्या रात्री पाय चाटायचा आवाज सुरू, तिथेच बंद केलं.

आता खंड्या भात, बांगडा, अंडं आणि भाज्या खातो, कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची पावडर डॉक्टरांनी मापून दिलीय. दूध अजून तपासायचं आहे, तोपर्यंत बंद. पावसाळ्यात आकडा 3-4 वर जातो, धुळीच्या किड्यांची थोडी ॲलर्जी त्याला आहेच असं डॉक्टरांचं मत आहे, दोन्ही एकत्र असणं नवीन नाही, त्यासाठी शॅम्पू चालू आहे. इंजेक्शन त्यानंतर लागलेलं नाही. आणि गोचिडांची गोळी असो की जंताची, घरातली मुलगी आधी पाकिटाची मागची बाजू वाचते, चिकन लिहिलं असेल तर दुकानदाराला परत करते.