साडेचार तास

(कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं जुनं घर. उंबऱ्याशी टेकवलेली काठी.)

ही काठी गेल्या दिवाळीनंतर घरात आली. संध्याकाळी चहा पिताना वडिलांच्या हातातून कप निसटला, तोंड एका बाजूला ओढलं, शब्द जड झाले. साखर कमी झाली असेल म्हणून आई साखरपाणी करायला उठली. मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाला. फोन आला तसा निघाला आणि अर्ध्या तासात घरी पोचला. तोंड बघताच ओळखलं, पाणी पाजू दिलं नाही आणि थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठलं.

मेंदूत गुठळी अडकून झटका आला, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे दिसल्यावरच. वडिलांना ते वेळेत मिळालं. आज ते काठी टेकत रंकाळ्यापर्यंत जातात.

(चाकणकडे जाणारा रस्ता.)

आता मुलाला चाकणहून बोलावणं आलंय. इथे हातात चौतीस हजार पडतात, तिथे अठ्ठावन्न. चोवीस हजारांचा फरक. त्यातून खोलीचं भाडं बारा हजार, खाण्यापिण्याचे चार, महिन्यातून दोनदा गावी यायचे चोवीसशे. घरी दिवसभर थांबणाऱ्या मावशींना आठ. बेरीज होते २६,४००. म्हणजे पहिलं वर्ष तरी पदरचेच जाणार. पण शिरोलीत पगार सावकाश वाढतो, आणि तो एकतीस वर्षांचा आहे. नुसती ही बेरीज दाखवून त्याला अडवणं आम्हाला पटत नाही.

खरा अडसर रस्त्याचा आहे. चाकणहून घर गाठायला पाच तास धरायचे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. म्हणजे मुलगा कितीही जिवाच्या आकांतानं निघाला, तरी ते साडेचार तास त्याच्या हातात नाहीत. ते घराशेजारी जो असेल त्याच्याच हातात.

(स्वयंपाकघर. फ्रिजवर चिकटवलेला कागद.)

म्हणून तो सध्या आईला शिकवतोय. हसायला सांगायचं, दोन्ही हात वर करायला लावायचं, नाव विचारायचं. एकही चुकलं की १०८. आणि ते शेवटचे धडधाकट कधी दिसले, ती वेळ लिहून ठेवायची. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर घड्याळ झोपायच्या आधीपासून मोजतात. हे कळल्यापासून आई रात्री दिवा घालवताना त्यांच्याशी दोन शब्द बोलते.

"आमचं काय हुतंय, तू जा की," ती म्हणते. म्हणताना पदराला हात पुसत राहते.

कंपनीला सोमवारपर्यंत कळवायचंय. शेजारच्या काकांकडे घराची दुसरी किल्ली देऊन झालीय. रात्री-अपरात्री फोन आला तर त्यांचा मुलगा गाडी काढेल का, हे मात्र अजून विचारायचं राहिलंय.