तीन दाखले आणि त्यांचे तीन धनी

पेडणे तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिने बारावी गोवा मंडळाची दिली, म्हापशातल्या महाविद्यालयातून गोवा विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली, आणि आता तिला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. प्रवेशाच्या वेळी तिच्याकडे ट्रान्सफर सर्टिफिकेट आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मागितले जाते, आणि पात्रतेचा अर्ज भरायला सांगितले जाते.

कोणता दाखला कोण देतो, हे कळले की पुढचा बराच गोंधळ मिटतो. ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजेच टीसी किंवा सोडल्याचा दाखला, ती जिथे प्रत्यक्ष शिकली ती संस्था देते. म्हणून तिची टीसी म्हापशातले महाविद्यालय देईल. मायग्रेशन सर्टिफिकेट ज्या विद्यापीठाची किंवा मंडळाची शेवटची परीक्षा ती उत्तीर्ण झाली ते देते, आणि त्याचा अर्थ एवढाच की विद्यार्थिनी दुसऱ्या विद्यापीठात गेली तर आमची हरकत नाही. पात्रता प्रमाणपत्राची दिशा मात्र उलटी आहे. ते सोडलेले विद्यापीठ देत नाही. ती ज्या विद्यापीठात प्रवेश घेते ते तिच्या आधीच्या परीक्षा तपासून देते.

नेहमीची गफलत मायग्रेशनच्या बाबतीत होते. बारावीनंतर पर्वरीच्या गोवा मंडळाकडून आणलेले मायग्रेशन घरच्या फायलीत असते, आणि तेच कोल्हापूरला नेले की चालेल असे वाटते. ते चालत नाही, कारण तिची शेवटची परीक्षा आता मंडळाची राहिलेली नसून विद्यापीठाची आहे. मंडळाचे मायग्रेशन बारावीनंतर थेट राज्याबाहेरच्या विद्यापीठात जाणाऱ्याच्या उपयोगाचे. तिने मात्र ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाकडे अर्ज करायला हवा. अर्जासोबत सहसा शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, टीसीची प्रत आणि शुल्क लागते. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची देणी चुकती करावीत, मग टीसी घ्यावी, आणि त्यानंतर मायग्रेशनचा अर्ज द्यावा.

कोल्हापुरात तिला तात्पुरता प्रवेश मिळतो, वर्ग सुरू होतात, आणि सगळे पार पडले असे वाटू लागते. प्रत्यक्षात तिची कागदपत्रे तेव्हा पात्रता विभागाकडे जातात आणि तिथे दोन गोष्टी पाहिल्या जातात: आधीची पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का, आणि तिचे विषय व गुण या अभ्यासक्रमाच्या अटींत बसतात का. मूळ मायग्रेशन दाखल झाल्याशिवाय पात्रता सहसा अंतिम होत नाही, आणि ती अंतिम न झाल्यास परीक्षेचा अर्ज अडू शकतो किंवा परीक्षा दिल्यानंतरही निकाल राखून ठेवला जाऊ शकतो. प्रवेशाच्या दिवशी कोणी अडवले नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना ही अडचण नेमकी परीक्षेच्या तोंडावर कळते.

याउलट म्हापशाचे महाविद्यालय सोडून पणजीच्या महाविद्यालयात जाणाऱ्याला, दोन्ही महाविद्यालये गोवा विद्यापीठाचीच असल्यामुळे, मायग्रेशनची गरज नसते. त्याला टीसी आणि विद्यापीठाच्या बदलीच्या नियमांची पूर्तता पुरते. सावंतवाडीहून महाराष्ट्र मंडळाची बारावी करून गोव्यातल्या महाविद्यालयात येणाऱ्याची स्थिती मात्र कोल्हापूरला निघालेल्या विद्यार्थिनीसारखीच असते, फक्त दिशा उलट: मायग्रेशन महाराष्ट्र मंडळाचे आणि पात्रता गोवा विद्यापीठाची. शाळेच्या पातळीवरही दहावी एका मंडळाची आणि अकरावी दुसऱ्या मंडळाची असेल, तर नवे मंडळ आपल्या परीक्षेला बसू देण्याआधी हीच विचारणा करते.

टीसीवरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख गुणपत्रिकेशी अक्षरश: जुळते का, हे ती हातात पडल्याच्या क्षणीच पाहावे. आडनाव एका कागदावर आधी आणि दुसऱ्यावर शेवटी असले, किंवा स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असले, तर पात्रता विभाग शंका काढतो आणि मग दुरुस्तीसाठी कोल्हापूरहून म्हापशाला परतावे लागते. मूळ प्रती जमा करण्यापूर्वी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, कारण हरवलेल्या मायग्रेशनची दुय्यम प्रत मिळवायला वेगळा अर्ज, शुल्क आणि बहुधा प्रतिज्ञापत्र लागते.

ज्याचा एखादा विषय राहिला आहे आणि जो तो जुन्याच विद्यापीठात पुन्हा देणार आहे, त्याने मात्र मायग्रेशनची घाई करू नये. ते घेतल्यावर तिथली नोंदणी संपुष्टात आली असे धरले जाऊ शकते, आणि मग राहिलेल्या विषयाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी ते परत करण्याचा नवाच व्याप मागे लागतो.